रे ऑप्टिक्स आणि वेव्ह ऑप्टिक्स: पाच आठवड्यांची उजळणी कशी करायची

गेल्या हिवाळ्यात रावेर भागातला एक विद्यार्थी वही घेऊन आला. भिंगांवरची अकरा गणितं सोडवली होती, त्यातली सात चुकली होती. "सर, सूत्र ते बराबर शे, मंग उत्तर का बरं चुकनं?" असं त्यानं विचारलं. सूत्र खरंच बरोबर होतं. सातपैकी पाच ठिकाणी फक्त चिन्ह उलटं पडलं होतं आणि एकाही गणिताशेजारी किरणांची आकृती नव्हती. नंतर त्याची वेव्ह ऑप्टिक्सची पानं पाहिली. तिथे 'उजेड' आणि 'अंधार' यांच्या अटींची अदलाबदल झाली होती. त्या अटी कुठून येतात हे त्यानं कधी रेखाटूनच पाहिलं नव्हतं.

खानदेशातल्या आमच्या बहुतेक मुलांचं असंच होतं. दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीत होतं, अकरावीत सगळं इंग्रजीत येतं, आणि शब्दांशी झगडताना आकृती मागे पडते. सूत्रं मात्र पाठ होतात. म्हणून हे वेळापत्रक सूत्रांच्या यादीभोवती नाही, आकृतीभोवती लावलं आहे. रोज दीड तास, आठवड्यातून पाच दिवस. सहाव्या दिवशी चाचणी आणि सातवा दिवस मोकळा. घरी कापूस वेचणी किंवा केळीची कापणी असेल तर तो मोकळा दिवस त्यासाठीच ठेवा. अभ्यासाचे पाच दिवस मात्र मोडू नका.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या. राज्य मंडळाच्या आजवरच्या रचनेत भिंगं, आरसे, लोलक हा भाग अकरावीच्या 'ऑप्टिक्स'मध्ये येतो, तर वेव्ह ऑप्टिक्स बारावीत. म्हणजे बारावीच्या लेखी पेपरसाठी दुसरा भाग लागतो आणि सीईटीसाठी दोन्ही. नीट किंवा सीबीएसई करणाऱ्यांना दोन्ही धडे बारावीतच आहेत. फक्त बोर्डाचीच तयारी असेल तर पहिले दोन आठवडे चार दिवसांत उरका, पण वगळू नका. तरंग कसे वळतात हे समजायला किरण कसे वळतात ते आधी हातात बसलेलं असावं लागतं.

पहिला आठवडा: आकृती आधी, चिन्ह नंतर

पहिले दोन दिवस सूत्राला हात लावायचा नाही. दहावीचं विज्ञानाचं पुस्तक बाहेर काढा, त्यातले अपवर्तनाचे आणि भिंगांचे धडे वाचा. भाषा आपली आहे आणि आकृत्या त्याच आहेत. बहिर्गोल भिंगासमोर वस्तू पाच वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून पाच आकृत्या काढा. अंतर्गोल भिंगाची एक आणि अंतर्गोल आरशाच्या तीन काढा. प्रत्येक आकृतीत प्रकाश डावीकडून उजवीकडे जाऊ द्या.

तिसऱ्या दिवशी चिन्हं घ्या. नियम एकच आहे. भिंगाचा मध्य किंवा आरशाचा ध्रुव हा शून्य, प्रकाश जिकडे चालला आहे ती दिशा धन आणि उलट दिशा ऋण. भिंगासाठी `1/v − 1/u = 1/f`, आरशासाठी `1/v + 1/u = 1/f`. अनेक मुलं 'u नेहमी ऋण' असं पाठ करतात. एकच भिंग असेल तोपर्यंत ते चालतं. दोन भिंगं आली की ते पाठांतर फसवतं. म्हणून चौथा दिवस पूर्ण एकाच गणिताला द्या.

२० सेमी नाभीय अंतराचं बहिर्गोल भिंग आहे, वस्तू त्याच्या ३० सेमी डावीकडे. पहिल्या भिंगाच्या ४० सेमी उजवीकडे ३० सेमी नाभीय अंतराचं अंतर्गोल भिंग आहे. अंतिम प्रतिमा कुठे पडेल?

पहिलं भिंग एकटं घ्या. u = −३०, f = +२०, म्हणून v = +६० सेमी. प्रतिमा पहिल्या भिंगापासून ६० सेमीवर पडणार होती. पण वाटेत ४० सेमीवर दुसरं भिंग उभं आहे, म्हणजे किरण एकत्र येण्याआधीच त्यावर पडतात. दुसऱ्या भिंगापासून तो एकत्र येण्याचा बिंदू २० सेमी उजवीकडे आहे, म्हणजे प्रकाश चालला आहे त्याच दिशेला. म्हणून इथे u = +२०. आता

`1/v = −1/30 + 1/20 = 1/60`

म्हणजे v = +६० सेमी. वर्धन पहिल्या भिंगाचं −२, दुसऱ्याचं +३, एकूण −६. प्रतिमा उलटी, सहापट मोठी आणि खरी, म्हणजे पडद्यावर घेता येणारी.

सवयीनं u = −२० घातलं तर v = −१२ सेमी येतं, म्हणजे किरण दुसऱ्या भिंगातून बाहेर पडताना पसरतात. उत्तर चुकलंय हे कसं ओळखायचं? आकृतीकडे पाहा. किरण २० सेमीवर भेटण्याइतके आत झुकलेले आहेत, आणि भिंग फक्त ३० सेमीचं, म्हणजे तुलनेनं दुबळं. ते त्यांना थोडं उघडेल, पण पूर्ण पसरवू शकणार नाही. किरण भेटतीलच, फक्त लांब भेटतील. ६० सेमी हे उत्तर या विचाराशी जुळतं, −१२ जुळत नाही.

याच गणितात एकच आकडा बदला. अंतर्गोल भिंग ३० ऐवजी २० सेमीचं घेतलं की किरण समांतर बाहेर पडतात. १० सेमीचं घेतलं की v = −२० येतं आणि प्रतिमा आभासी होते. तीन आकृत्या एकाखाली एक काढल्या की भिंगाची ताकद वाढत गेली तसं काय होतं ते दिसतं. वेगवेगळी वीस गणितं सोडवण्यापेक्षा मला हा एक दिवस जास्त मोलाचा वाटतो.

पाचव्या दिवशी आरसे आणि एकमेकांना चिकटवलेली भिंगं करा. आरशांत वेगळी अडचण फारशी येत नाही.

दुसरा आठवडा: किरण बाहेर पडतो का, हे आधी विचारा

पाण्याची आभासी खोली पटकन होते. विहिरीतलं १२ फूट पाणी सरळ वरून पाहिलं तर ९ फुटांइतकंच वाटतं, कारण पाण्याचा अपवर्तनांक ४/३ आहे. तिरकं पाहिल्यावर हा हिशेब लागू पडत नाही, एवढं लक्षात ठेवून पुढे जा.

खरा वेळ लोलकाला द्या. ६० अंशांचा लोलक, अपवर्तनांक १.५. किमान विचलनाचं सूत्र वापरलं की `sin((A + δ)/2) = 0.75`, म्हणजे आपाती कोन सुमारे ४८.६ अंश आणि किमान विचलन सुमारे ३७.२ अंश. हे बहुतेकांना जमतं. आता याच लोलकावर २० अंशांनी किरण टाका आणि विचलन काढा. मुलं सरळ `δ = i + e − A` लिहायला बसतात आणि e काढताना sin ची किंमत १ च्या वर जाते. मग आकडेमोड चुकली असं समजून पान फाडतात. आकडेमोड बरोबरच असते. पहिल्या पृष्ठावर आतला कोन १३.२ अंश येतो, म्हणून दुसऱ्या पृष्ठावर ६० − १३.२ = ४६.८ अंश. काचेचा क्रांतिक कोन ४१.८ अंश आहे. म्हणजे किरण त्या पृष्ठातून बाहेर पडतच नाही, आतच परावर्तित होतो.

म्हणून लोलकाच्या प्रत्येक गणितात पहिली ओळ ही लिहा: दुसऱ्या पृष्ठावरचा कोन किती, आणि तो क्रांतिक कोनापेक्षा कमी आहे का? या लोलकासाठी आपाती कोन सुमारे २७.९ अंशांपेक्षा कमी असेल तर किरण पलीकडे जात नाही. ही सीमा स्वतः काढून पाहा. दुसऱ्या पृष्ठावर ४१.८, म्हणून पहिल्यावर १८.२, आणि त्यावरून बाहेरचा कोन.

दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक एका दिवसात होतात. दोन्हींत नेत्रिकेसाठी पहिल्या भिंगाची प्रतिमा हीच वस्तू असते, हे पहिल्या आठवड्यात तुम्ही केलेलंच आहे. प्रतिमा अनंतावर पडते की २५ सेमीवर, हा शब्द प्रश्नात अधोरेखित करा. तिथेच उत्तर बदलतं.

तिसरा आठवडा: किरणाकडून तरंगाकडे

सोमवारी हायगेन्सची रचना काढा. अपवर्तनाची सिद्धता लिहिताना बहुतेकांची चूक एकाच जागी होते. कोन किरण आणि लंब यांच्यात घेतात, पण त्रिकोणात वापरायचा असतो तो तरंगाग्र आणि पृष्ठ यांच्यातला. दोन्ही समान आहेत, कारण किरण तरंगाग्राला लंब असतो. हे एक वाक्य सिद्धतेत लिहिलंच पाहिजे. काचेत गेल्यावर वेग आणि तरंगलांबी कमी होते, वारंवारता तीच राहते. हे वाक्य आत्ता पक्कं करा, दोन दिवसांत लागेल.

उरलेला आठवडा यंगच्या प्रयोगाचा. इथे एकच प्रश्न सतत विचारायचा: दोन स्लिटपासून त्या बिंदूपर्यंत येणाऱ्या वाटांत फरक किती? फरक λ चा पूर्ण पट असेल तर उजेड, अर्धा पट उरत असेल तर अंधार. बाकी सगळं यातून निघतं.

आकडे घेऊन बसा. λ = ६०० नॅनोमीटर, पडदा १ मीटरवर, स्लिटमधलं अंतर ०.५ मिमी. पट्ट्याची रुंदी `β = λD/d`, म्हणजे १.२ मिमी. पाचवा उजळ पट्टा ५β वर, म्हणजे ६ मिमीवर. पाचवा काळा पट्टा मात्र ५.५β वर नाही, ४.५β वर येतो, म्हणजे ५.४ मिमीवर. कारण पहिला काळा पट्टा अर्ध्या β वर असतो. ही चूक मी दरवर्षी पाहतो. मध्यभागापासून पट्टे रेखाटून मोजले तर ती होत नाही.

आता हाच प्रयोग पाण्यात न्या. पाण्यात तरंगलांबी ६०० भागिले ४/३, म्हणजे ४५० नॅनोमीटर, आणि पट्टे ०.९ मिमीचे. पट्टे जवळ येतात. 'पाण्यात वाट लांबते म्हणून पट्टे पसरतात' असं उत्तर वहीत आलं तर सोमवारचं वाक्य विसरलं आहे असं समजा.

गुरुवारी काचेची पट्टी. वरच्या स्लिटसमोर ६ मायक्रोमीटर जाडीची, १.५ अपवर्तनांकाची पट्टी ठेवली. त्या वाटेवर जास्तीचा फरक `(μ − 1)t`, म्हणजे ३ मायक्रोमीटर पडला. तो λ च्या बरोबर पाचपट आहे. म्हणून सगळे पट्टे ५β, म्हणजे ६ मिमी सरकतात. पण कुठे? वर, म्हणजे झाकलेल्या स्लिटच्या बाजूला. पट्टीनं वरच्या वाटेचा प्रकाश मागे ठेवला, म्हणून बरोबरी साधायला खालच्या प्रकाशाला जास्त चालावं लागतं, आणि असा बिंदू वरच सापडतो. सूत्र दिशा सांगत नाही, ती आकृतीतूनच कळते. μ मधून १ वजा करायला विसरला असाल तर उत्तर तिप्पट येईल. पट्टीनं तेवढ्या जाडीची हवा हटवली, म्हणून एक वजा होतो.

शुक्रवारी तीव्रता. दोन्ही स्लिटची स्वतंत्र तीव्रता I₀ असेल तर कमाल 4I₀. वाटेतला फरक λ/४ असेल तर कला फरक π/२, आणि तीव्रता 2I₀, म्हणजे कमालच्या अर्धी. λ/४ म्हणजे एक चतुर्थांश तीव्रता असं मनाला वाटतं, तिथे थांबा.

चौथा आठवडा: एक केस आणि लाल लेझर

विवर्तनात सगळ्यांचा गोंधळ एकच. यंगच्या प्रयोगात `d sinθ = nλ` म्हणजे उजेड. एका स्लिटच्या विवर्तनात `a sinθ = nλ` म्हणजे अंधार. दिसायला सूत्र तेच, अर्थ उलटा. पाठ केलं तर परीक्षेत नक्की उलटं आठवतं, म्हणून कारण समजून घ्या. स्लिटच्या दोन टोकांच्या वाटांत λ चा फरक असेल, तर टोक आणि मध्य यांच्यात λ/२ चा फरक असतो. वरच्या अर्ध्यातला प्रत्येक बिंदू खालच्या अर्ध्यातल्या आपल्या जोडीदाराला रद्द करतो. सगळे जोडीनं रद्द झाले, म्हणून अंधार. ही जोड्यांची आकृती तीनदा काढा.

मग रात्री हे करून पाहा. खोली अंधारी हवी, लाइट गेली तर तीच वेळ साधा. बाजारात मिळणारा साधा लाल लेझर पॉइंटर घ्या, त्याच्या तोंडावर एक केस उभा ताणून चिकटपट्टीनं लावा आणि प्रकाश २ मीटरवरच्या भिंतीवर पाडा. लेझर पुस्तकांत दाबून स्थिर करा. डोळ्यात, आरशावर किंवा चकचकीत भांड्यावर तो कधीही पाडू नका, लहान भावंडांच्या हातात देऊ नका. भिंतीवर आडव्या रेषेत उजळ ठिपके आणि मध्ये काळी ठिकाणं दिसतील. केस उभा आणि ठिपके आडवे, ही दिशाही लक्षात ठेवा, तिच्यावर प्रश्न येतो.

केस म्हणजे स्लिटचं उलटं, पण मधल्या झगझगीत ठिपक्याबाहेर काळ्या जागा तितक्याच रुंदीच्या स्लिटसारख्याच पडतात. मध्याच्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या काळ्या जागांतलं अंतर w पट्टीनं मोजा. `w = 2λD/a`. समजा w ३.७ सेमी आलं आणि लेझरवर ६५० नॅनोमीटर छापलं आहे. मग a = २ × ६५० नॅनोमीटर × २ मीटर ÷ ०.०३७ मीटर, म्हणजे सुमारे ७० मायक्रोमीटर. पट्टीवर एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर उत्तर सुमारे तीन टक्के हलतं, म्हणून ७०.२७ असं लिहू नका. उत्तर ७ किंवा ७०० आलं तर एकक बदलताना शून्य चुकलं आहे. घरातल्या दोघांचे केस मोजून पाहा. ज्याचा केस बारीक, त्याच्या काळ्या जागा जास्त लांब पडतील. 'स्लिट अरुंद केली की काय होईल?' या प्रश्नाचं उत्तर मग पाठ करावं लागत नाही.

ध्रुवीकरणात एक खबरदारी पुरेशी आहे. साधा, अध्रुवीकृत प्रकाश पहिल्या पोलरॉइडमधून जाताना निम्मा होतो, cos² चा नियम दुसऱ्यापासून लागतो. एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन पोलरॉइडमध्ये ४५ अंशांवर तिसरं ठेवलं तर मूळ तीव्रतेच्या १/८ प्रकाश बाहेर पडतो. उत्तर १/४ आलं तर पहिला अर्धा विसरला. ब्रूस्टरचा कोन काचेसाठी ५६.३ अंश आणि आतला कोन ३३.७ अंश, दोन्हींची बेरीज ९०. पडताळणी तिथेच होते. विभेदन क्षमतेला एक तास पुरे.

पाचवा आठवडा: चिठ्ठ्या

आतापर्यंत तुम्हाला प्रश्न कोणत्या धड्यातला आहे हे आधीच माहीत होतं. परीक्षेत ते माहीत नसतं. म्हणून चाळीस प्रश्न चाळीस चिठ्ठ्यांवर लिहा, धड्याचं नाव न लिहिता, आणि डब्यात टाका. पहिल्या दिवशी काहीही सोडवायचं नाही. चिठ्ठी काढायची, एका मिनिटात फक्त आकृती काढायची आणि पहिली ओळ लिहायची. जिथे हात अडला ती चिठ्ठी बाजूला ठेवा.

पुढचे तीन दिवस रोज बारा चिठ्ठ्या पूर्ण सोडवा आणि प्रत्येक चुकीसमोर एकच शब्द लिहा: चिन्ह, आकृती, अट, एकक किंवा आकडेमोड. शेवटी मोजा. 'चिन्ह' जास्त असतील तर पहिल्या आठवड्यातलं दोन भिंगांचं गणित आकडे बदलून पुन्हा करा. 'अट' जास्त असतील तर यंगचे पट्टे आणि विवर्तनाच्या जोड्या पुन्हा रेखाटा. 'एकक' असेल तर प्रत्येक गणिताच्या वर मिमी आणि नॅनोमीटर मीटरमध्ये लिहूनच सुरुवात करा. 'आकडेमोड' असेल तर लॉग टेबल घेऊन बसा. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि sin ४१.८ सारख्या किमती टेबलातून काढायला सराव लागतोच. रावेरच्या त्या विद्यार्थ्याच्या यादीत तेवीस चुकांपैकी अकरा 'चिन्ह' निघाल्या, 'आकडेमोड' फक्त दोन. त्याआधी तो गणितात कच्चा आहे असं घरचे म्हणत होते.

सीईटी देणाऱ्यांनी पाचव्या दिवशी बहुपर्यायी प्रश्न घ्यावेत. तिथे आकृतीवरून दोन पर्याय लगेच बाद होतात, कारण प्रतिमा डावीकडे की उजवीकडे, पट्टे जवळ की दूर, हे आकड्यांआधी कळतं. चुकीच्या उत्तराला तिथे गुण कापले जात नाहीत, म्हणून रिकामं काही सोडू नका. नीटला मात्र गुण कापतात, तिथे हे करू नका.

सहाव्या दिवशी कोऱ्या कागदावर, पुस्तक बंद ठेवून, सात आकृत्या काढा: दोन भिंगं, लोलकातून बाहेर न पडणारा किरण, सूक्ष्मदर्शक, हायगेन्सचं अपवर्तन, यंगच्या प्रयोगातल्या दोन वाटा, विवर्तनातल्या जोड्या, ब्रूस्टरचा कोन. जी आकृती अर्धवट राहील, तिचा आठवडा उघडा आणि तेवढंच पुन्हा करा.